वाडा पडद्याबाहेर

माझं अर्धं आयुष्य ओळी मोडण्यात गेलं. आधी छापखान्यात मुद्रितशोधक होतो, तेव्हा ओळ भलत्या ठिकाणी मोडून शब्दाची मान मुरगळत नाही ना, एवढं बघायचं काम होतं. छापखाना बंद पडला आणि मी सिनेमाच्या सबटायटलांकडे वळलो. तिथेही काम तेच. फरक इतकाच, की कागदावरची ओळ वाचकाची वाट बघत पडून राहते आणि पडद्यावरची पळून जाते. पंधरा वर्षं मराठी सिनेमांना इंग्रजी सबटायटलं लावल्यावर माणसाला वाटू लागतं, की आता जगातल्या कुठल्याही भाषेची ओळ आपण मोडू शकतो. मलाही वाटलं.

मित्राचा मुलगा दिग्दर्शक झालाय. मला काका म्हणतो, त्यामुळे पैशांचं बोलणं दोघांनाही जड जातं. त्याचा चोवीस मिनिटांचा लघुपट एका परदेशी मंचाने घेतला होता आणि त्यांना इंग्रजीबरोबर व्हिएतनामी आणि चिनी सबटायटलं हवी होती. गोष्ट आपल्याकडची. एक वाडा आहे. वडील वारलेत. आत्या वाडा सोडत नाही, मामाला तो बहिणीच्या नावावर करून घ्यायचाय, आणि मधल्या मध्ये भाचा. "काका, भाषांतर तिकडचेच लोक करतील," तो म्हणाला. "तुम्ही फक्त टायमिंग बघा आणि सगळं जुळवून द्या." 'फक्त' हा शब्द ऐकला की मी आता खुर्ची घट्ट धरतो. तेव्हा धरली नव्हती.

मंचाने नियमांची तीन पानं पाठवली होती. पहिलं इंग्रजीचं, दुसरं व्हिएतनामीचं, तिसरं चिनीचं. मी पहिलं वाचलं. उरलेली दोन ज्यांना त्या भाषा येतात त्यांनी वाचावीत, असा माझा शुद्ध हिशेब होता. आजवरच्या आयुष्यात मी जे काही महागात पडणारे निर्णय घेतले, त्यांत हा सर्वांत कमी वेळात घेतलेला.

आता काम कसं चालतं ते सांगायला हवं. आधी एक सांगाडा तयार करतात, त्याला टेम्प्लेट म्हणतात. सिनेमा ऐकत ऐकत प्रत्येक वाक्य पडद्यावर कुठल्या क्षणी यावं आणि कुठल्या क्षणी जावं हे ठरवायचं, आणि त्या जागी इंग्रजी ओळ बसवायची. बाकीच्या भाषांचे अनुवादक त्या इंग्रजीवरून, त्याच वेळांमध्ये, आपापली ओळ बसवतात. वेळेचे काही दंडक असतात. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या, तर कुठलंही सबटायटल वीस फ्रेमपेक्षा कमी राहू नये, कारण त्याच्या आत डोळा तिथे पोहोचतच नाही. सात सेकंदांपेक्षा जास्त राहू नये, कारण मग माणूस तेच परत वाचायला लागतो. दोन सबटायटलांमध्ये निदान दोन फ्रेमची फट हवी. ती नसली तर पहिली ओळ गेली आणि दुसरी आली हे डोळ्याला कळत नाही. एवढं मला झोपेतही येतं.

दोन मर्यादा मात्र भाषेगणिक बदलतात. एका ओळीत किती अक्षरं, ही पहिली. दर सेकंदाला वाचकापुढे किती अक्षरं टाकायची, ही दुसरी. इंग्रजीच्या पानावर ओळीला ४२ आणि सेकंदाला २० असं होतं. या दोन आकड्यांवर माझं पंधरा वर्षं पोट भरलंय.

सिनेमाच्या चौदाव्या मिनिटाला आत्याचा स्फोट आहे. मामा समोरच बसलाय, पण आत्या त्याच्याशी बोलत नाही. भांडणातल्या आपल्याकडच्या बायका शत्रूशी थेट बोलत नाहीत, मधल्या माणसाला सांगतात. ती भाच्याला म्हणते, "हा वाडा माझ्या बापाचा आहे." मग श्वासही न घेता, "सांग तुझ्या मामाला, वाड्याचे कागद माझ्याकडे आहेत, आणि मी मेल्यावरच मिळतील!" हे दुसरं वाक्य ती ३.७ सेकंदांत बोलते. मी त्याचं इंग्रजी असं केलं:

```
00:14:06,200 --> 00:14:09,900
Tell your uncle I've got the house papers
and he'll get them when I'm dead!
```

वरची ओळ ४१ अक्षरांची, खालची ३३. बेरीज ७४. भागिले ३.७ केलं तर बरोबर २०. काठोकाठ. एक थेंब सांडला नाही. मी खुर्चीत मागे रेललो, आणि माझ्या पाठीमागे 'अंकल' हा शब्द एखाद्या उधारीवाल्यासारखा दबा धरून बसलाय हे मला दिसलं नाही. मग मी टेम्प्लेटला कुलूप लावलं, म्हणजे अनुवादकांना वेळा बदलता येऊ नयेत, आणि तिन्ही भाषांसाठी ४२ आणि २० हीच मर्यादा टाकून फायली पाठवून दिल्या.

हनोईच्या अनुवादक बाईंचं पहिलंच पत्र आलं. त्यात सबटायटलांबद्दल एक अक्षर नव्हतं. सिनेमातल्या प्रत्येक माणसाचं वय कळवा, कोण कोणापेक्षा मोठं ते कळवा, आणि हा जो 'अंकल' आहे तो वडिलांकडचा की आईकडचा, वडिलांकडचा असेल तर वडिलांपेक्षा मोठा की धाकटा, हेही कळवा. मी घरात म्हटलं, बाई सबटायटलं करताहेत की विमा उतरवताहेत? मला घाई होती. मी उत्तर दिलं, 'नातं महत्त्वाचं नाही, अंकल म्हणजे अंकल.'

हे मी, एका मराठी माणसाने, लिहिलं. ज्याच्या भाषेत काका, मामा, आत्या, मावशी यांची सरमिसळ केली तर लग्नाच्या मांडवात मारामारी होईल. व्हिएतनामीत हे सगळं आपल्यासारखंच आहे, किंबहुना आपल्यापेक्षा एक पायरी पुढे. वडिलांच्या धाकट्या भावाला 'चू', थोरल्याला 'बाक', आईच्या धाकट्या भावाला 'कौ', वडिलांच्या धाकट्या बहिणीला 'को'. शिवाय 'मी' आणि 'तू' यांसाठी ते रोजच्या बोलण्यात हेच शब्द वापरतात. आत्या भाच्याशी बोलताना स्वतःला 'मी' नाही, 'आत्या' म्हणते, आणि त्याला 'तू' नाही, 'भाचा' म्हणते. म्हणजे नातं कळल्याशिवाय तिकडे वाक्य सुरूच करता येत नाही. मूळ मराठीत 'मामा' हा शब्द होता. व्हिएतनामीत त्याला चोख जागा होती. मधल्या इंग्रजीने तो गिळला, आणि ती इंग्रजी माझी.

बाईंनी नाइलाजाने अंदाज केला आणि 'चू' लिहिलं. त्यामुळे आत्या आता स्वतःच्या सख्ख्या भावाशी भांडू लागली. व्हिएतनामी आवृत्तीत सिनेमाची गोष्टच बदलली, आणि हे मला तीन आठवड्यांनी कळलं. पण तोवर आणखी बरंच व्हायचं होतं.

दरम्यान मंचाकडून नमुना-तपासणीचा शेरा आला. व्हिएतनामी ओळी फार वेगाने जातात. मी दुसरं पान उघडलं. पहिल्यांदाच. तिथे ओळीला ४२ तसंच होतं, पण सेकंदाला २० नव्हे, १७. आत्याच्या वाक्याला ३.७ गुणिले १७, म्हणजे ६२ अक्षरं मिळत होती. बाईंनी केलेलं वाक्य ७३ अक्षरांचं होतं.

व्हिएतनामीची अडचण इथे समजते. ती रोमन लिपीत लिहितात, पण शब्दाचा प्रत्येक अवयव सुटा, आणि प्रत्येकानंतर मोकळी जागा. ती मोकळी जागाही अक्षर म्हणूनच मोजली जाते. जागा धरून एका अवयवाला साधारण चार अक्षरं खर्च होतात. ६२ अक्षरांत पंधराएक अवयव बसतात, मग दुकान बंद. रुंदी भरपूर आहे. दोन ओळी मिळून ८४ अक्षरं मावतात. पण वेळ ६२ चीच. ताट मोठं आणि जेवायला वेळ नाही, अशी परिस्थिती.

बाईंनी विचारलं, आत्याच्या वाक्यानंतर मामाचा चेहरा दिसतो तेव्हा कोणी बोलत नाही, तिथे सबटायटल आठ दशांश सेकंद लांबवू का? हिशेब बिनतोड होता. साडेचार सेकंद झाले की ७६ अक्षरं बसतात, बाईंचं ७३ चं वाक्य जसंच्या तसं राहतं. दृश्य बदलतं त्या कटवरून सबटायटल पुढे न्यायचं असेल तर अर्धा सेकंद तरी पुढे न्यावं म्हणतात. नाहीतर कटबरोबर काहीतरी लुकलुकल्यासारखं होतं आणि डोळा पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जातो. आठ दशांश त्यात चोख बसत होतं. मी कुलूप काढायला निघालो होतो. तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, "काका, नाही. मामाचा चेहरा कोराच हवा. तिथे एक शब्द दिसला तरी माझा शॉट मेला."

त्याचं खरं होतं. तो शॉट मी पाहिलाय. मामा काही बोलत नाही, फक्त कपातला चहा बशीत ओततो. त्या शांततेखाली 'मी मेल्यावरच' अशी अक्षरं राहिली असती तर चहाचा आवाज कोणी ऐकला नसता. म्हणजे वेळ वाढणार नाही, शब्द कमी करायचे. अशा वेळी शहाणा माणूस ज्याला भाषा येते त्याला विचारतो. मी सल्ला दिला.

मी लिहिलं, नात्याचे शब्द वाक्यावाक्यात येताहेत, ते काढून टाका. आणि वाक्यांच्या शेवटी हा जो एकाक्षरी 'आ' बऱ्याच ठिकाणी दिसतो, त्याला काही अर्थ दिसत नाही, तोही काढा. इंग्रजीत त्याला काहीच नाही. बाई म्हणजे सौजन्याची मूर्ती. त्यांनी लिहिलं, 'काढता येईल. पण मग नातू आजीला काय म्हणेल ते बघा.' सिनेमात आजी नातवाला विचारते, जेवलास का? तो म्हणतो, जेवलो. त्यांनी आधी लिहिलं होतं ते 'नातू जेवला, आ' अशा बांधणीचं, आणि त्यातला तो 'आ' म्हणजे आपल्या बोलण्यातला 'हो आजी' किंवा 'जी'. मी सुचवलेलं उरलं ते नुसतं 'जेवलो.' मोठ्यांशी असं नातं वगळून बोलण्याला त्यांच्याकडे खास नावच आहे, 'नॉय चोंग खोंग', म्हणजे उघडंबोडकं बोलणं. लहानपणी त्याबद्दल मुलं बोलणी खातात. काही अक्षरं वाचवण्यासाठी मी एका सालस नातवाला उद्धट करून ठेवत होतो.

मग मी हात जोडले. वयं कळवली, नाती कळवली, मामा हा आईचा भाऊ असल्याचं तीन वेळा लिहिलं. बाईंनी नाती तशीच ठेवली आणि इतर ठिकाणी कात्री चालवली. 'कागद माझ्याजवळच्या जागी आहेत' याचं 'कागद आत्याने राखलेत' झालं. 'मी मेले की मगच तो ते घेऊ शकेल' मधला 'तो' गेला, कारण कोण घेणार हे वरच्या ओळीत आलंच आहे. उरलं ते हे:

```
00:14:06,200 --> 00:14:09,900
Bảo cậu cháu: giấy tờ nhà cô giữ,
cô chết mới lấy được!
```

वर ३३, खाली २१, एकूण ५४. सेकंदाला साडेचौदा. 'कौ' आला, 'को' दोनदा आली, भाचा आहे, आणि धमकी मूळ मराठीपेक्षाही आटोपशीर झाली. मी ते वाक्य माझ्या एक्सेलच्या तक्त्यात टाकलं, कारण माझा तक्त्यावर माणसापेक्षा जास्त विश्वास आहे. तक्ता लाल झाला. अक्षरं ७६, वेग साडेवीस!

पुढचा प्रसंग सांगताना मला अजून घाम येतो. मी त्या बाईंना, ज्यांनी आत्ताच माझं नाक वाचवलं होतं, एक सविस्तर पत्र लिहिलं. मोजायला शिकण्याबद्दल. सोबत तक्ता जोडला, त्यात निम्म्या ओळी लाल. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. 'कृपया बोटं लावून मोजा.' मी बोटं लावून मोजली. ५४ भरली. पुन्हा मोजली. ५४.

गुन्हेगार माझाच होता. व्हिएतनामीतलं एक अक्षर, समजा डोक्यावर टोपी आणि टोपीवर तिरकी काडी असलेला 'ए', संगणकात दोन प्रकारे ठेवता येतो. एकसंध ठेवला तर तो एक मोजला जातो. सुटा ठेवला तर 'ए' वेगळा, टोपी वेगळी, काडी वेगळी, म्हणजे तीन. या दोन रूपांना `NFC` आणि `NFD` अशी नावं आहेत. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. बाईंनी पाठवलेली फाइल एकसंध होती. ती मी माझ्या एका जुन्या रूपांतरकातून काढली आणि त्याने सगळी अक्षरं सुटी करून टाकली. माझ्या तक्त्यात सूत्र होतं `=LEN(A2)/B2`, आणि ते बिचारं टोप्या, काड्या आणि खालचे ठिपके सगळे मोजत होतं. आत्याच्या एका वाक्यात अशा २२ वस्तू होत्या.

मराठी माणसाला हे कळायला खरं तर व्हिएतनामपर्यंत जायची गरज नाही. एक्सेलच्या एका घरात 'स्त्री' लिहा आणि `LEN` विचारा. उत्तर ६ येतं. आपल्या डोळ्याला अक्षर एक, यंत्राला स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. मी आयुष्यभर जोडाक्षरं तपासली, आणि दुसऱ्याच्या भाषेतली जोडणी पाहिल्यावर मात्र लगेच त्या बाईंवर आरोप ठेवला. फाइल परत एकसंध केली तेव्हा लाली एका झटक्यात उतरली. माझ्या चेहऱ्यावरची उतरायला चार दिवस गेले.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण ओळी मोडणं हा तर माझा खानदानी धंदा. फाइलीत काही ठिकाणी वरची ओळ लांब आणि खालची आखूड दिसली, म्हणून मी यंत्राला सांगितलं, सगळ्या ओळी मधोमध समान मोड. यंत्र मोकळी जागा दिसली की तिथे मोडतं. व्हिएतनामीत मोकळी जागा शब्दाच्या पोटातही असते. 'दत' म्हणजे माती, 'नुअक' म्हणजे पाणी, आणि दोन्ही शेजारी लिहिले की होतो 'देश'. सिनेमात एक म्हातारा देशाबद्दल भाषण ठोकतो. माझ्या मोडणीनंतर माती वरच्या ओळीच्या टोकाला राहिली आणि पाणी खाली वाहून गेलं. बाईंनी त्यावर पत्रही लिहिलं नाही. दुरुस्त करून फाइल परत पाठवली आणि यावेळी कुलूप त्यांनी लावलं.

आता चिनी. चेंगडूच्या अनुवादक गृहस्थांनी पहिल्याच फेरीत काम चोख केलं होतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं याबद्दल वाचकाचा घोळ होणार नाही. मामाबद्दल त्यांनीही विचारलं होतं, पण व्हिएतनामीतून पोळल्यामुळे मी त्यांना थेट वंशावळच धाडली. त्यांचं आत्याचं वाक्य असं होतं:

```
00:14:06,200 --> 00:14:09,900
跟你舅舅说 房契在我这儿
想拿 等我死了再说！
```

मी पाहिलं आणि मला दया आली. एवढंसं! माझी इंग्रजी ७४, व्हिएतनामी ५४, आणि हे मोकळ्या जागा धरून २२. माझ्या यंत्रात मर्यादा ४२ ची, म्हणजे लाल दिवा पेटायचा प्रश्नच नव्हता. अख्ख्या फाइलीत एकही ओळ लाल नाही. ज्या घरात एकदाही भांडण होत नाही तिथे काहीतरी गडबड असते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

त्याच सुमारास मी कुठेतरी ऐकलं, की चिनीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. हे खरं आहे. पण अर्धं. मग फाइलीत जागोजागी या मोकळ्या जागा कशा? चुकून पडलेल्या, दुसरं काय! मुद्रितशोधकाच्या अंगात संचार झाला. 'शोधा आणि बदला' उघडलं आणि एका कळीने चिनी फाइलीतल्या सगळ्या जागा पुसून टाकल्या. मग वाटलं, एवढ्याशा ओळी दोन मजल्यांवर कशाला? दोन्ही मजले एक केले. मग वाटलं, आत्याची दोन वाक्यं एका श्वासातली आहेत, ती तरी वेगळी कशाला? तीही जोडली. आत्याच्या भाषणाची चिनी ओळ आता अशी झाली:

```
这房子是我爸留下的跟你舅舅说房契在我这儿想拿等我死了再说！
```

२९ अक्षरं. ४२ च्या खूप आत. पाहायला सुंदर, एखाद्या तोरणासारखी.

प्रिव्ह्यू अंधेरीच्या एका छोट्या थिएटरात होता. दिग्दर्शक, निर्माता, कॅमेरावाला, आणि दिग्दर्शकाची एक मैत्रीण, जी चिनी शिकते. आधी इंग्रजी दाखवलं, सगळे हसायचं तिथे हसले. मग चिनी लावलं. चौदावं मिनिट आलं. आत्याने तोंड उघडलं आणि पडद्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत चिनी अक्षरांची एक भिंत उभी राहिली. नुसती उभी राहिली नाही, दोन्ही बाजूंनी पडद्याबाहेर गेली. मोजली तर मधली २३ दिसत होती. डावीकडची तीन आणि उजवीकडची तीन गायब.

मैत्रीण हळूच म्हणाली, "काका, वाडा कुठे गेला?"

डावीकडची गायब झालेली तीन अक्षरं म्हणजे 'हे घर'. उजवीकडची म्हणजे 'मग बोलू' आणि उद्गारचिन्ह. वाड्याच्या मालकीवरच्या सिनेमात वाडाच पडद्याबाहेर गेला होता. उरलं होतं ते तिने भाषांतर करून सांगितलं, "माझ्या बापाने मागे ठेवलेलं सांग तुझ्या मामाला कागद माझ्याकडे हवेत मी मेले." आणि पुढे शांतता. मामा बशीत चहा ओततो.

निर्मात्याने विचारलं, "हे असंच जाणार?"

घरी येऊन तिसरं पान वाचलं. त्यावर होतं, ओळीला १६, सेकंदाला ९. चिनी अक्षर चौरस खणात बसतं. त्यातला प्रत्येक खण सारखाच रुंद, रोमन अक्षराच्या जवळपास दुप्पट. शिवाय ते फार लहान करता येत नाही. आमच्या 'मामा'च्याच एका अक्षरात १३ रेघा आहेत. लहान केलं तर मामाचा नुसता ठिपका होतो. म्हणून १६. वेळेच्या बाबतीत मात्र चिनी माणूस सुखवस्तू. एक अक्षर म्हणजे अख्खा अवयव, म्हणून सेकंदाला ९ सुद्धा पुरून उरतात. ३.७ सेकंदांत ३३ बसतात आणि त्या गृहस्थांनी २२ च वापरली होती. म्हणजे दोघांची दुखणी बरोबर उलटी. व्हिएतनामीची वाडी मोठी पण घड्याळ कडक, चिनीला सवड भरपूर पण खोली दहा बाय दहाची. मी दोघांना एकाच मापाचा सदरा शिवला होता, आणि तो इंग्रजीच्या अंगावरचा.

आणि त्या मोकळ्या जागा? चिनी सबटायटलांत ओळीमध्ये स्वल्पविराम किंवा पूर्णविराम देत नाहीत. जिथे थांबायचं तिथे एक जागा सोडतात. त्या गृहस्थांनी विरामचिन्हं दिली होती आणि मी ती धूळ समजून झटकली. त्यातून दुसरा घोटाळा. पडद्यावर अक्षरं उमटवणारी आमची आज्ञावली लांब ओळ आपोआप दोनांत मोडते, पण मोकळी जागा सापडली तरच. मी तिच्यासाठी एकही ठेवली नव्हती. म्हणून ती मुकाट्याने ओळ ताणत गेली, आणि मधोमध ठेवायची असल्यामुळे दोन्ही टोकं सारखीच बाहेर गेली. अन्याय झाला, पण समान झाला.

चेंगडूला पत्र लिहिलं. काय सांगावं सुचेना, म्हणून 'फाइलीत काही तांत्रिक बिघाड झाला' असं लिहिलं. त्यांनी मूळ फाइल परत पाठवली आणि खाली विचारलं, 'यात १८८ जागा होत्या. त्या सगळ्यांना एकदम बिघाड झाला?' माणूस मोजणारा होता. मी खरं काय ते कळवलं. त्यांनी एक हसरा चेहरा पाठवला, आणि तो माझ्या वाट्याला आलेला त्या महिन्यातला सर्वांत मोठा दिलासा होता.

यानंतर यंत्रात तीन भाषांच्या तीन वेगळ्या मर्यादा टाकल्या. चिनी फाइल ४२ वर हिरवीगार होती, ती १६ वर आणली तेव्हा माझ्या सुंदर तोरणांवर ६० लाल दिवे पेटले. त्यांच्या मूळ फाइलीवर एकही नाही. व्हिएतनामी फाइलीला मी हात लावला नाही, फक्त दोन ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं, कारण खालच्या ओळीतल्या टोप्या वरच्या ओळीच्या पायात अडकत होत्या. एवढं मला बाईंनी करू दिलं.

दुसरा प्रिव्ह्यू झाला. वाडा पडद्यात आला, मामा मामाच राहिला, बशीतला चहा कोरा वाजला. मैत्रिणीने अंगठा वर केला. आता एकच काम उरलं होतं. शेवटचं गाणं संपलं की सबटायटलकर्त्यांची नावं टाकायची. हनोईच्या बाईंचं आणि चेंगडूच्या गृहस्थांचं नाव त्यांच्या त्यांच्या फाइलीत गाण्याआधीच्या शांत दृश्यावर आधीच गेलं होतं. त्यांनी जागा बघून ठेवली होती. माझं राहिलं होतं. गाण्याची शेवटची ओळ संपल्यापासून काळोख होईपर्यंत १९ फ्रेम होत्या. त्यातून दोन फ्रेमची फट वजा केली. १७ उरल्या. हव्यात २०.

गाण्याची ओळ तीन फ्रेम आधी काढावी म्हटलं, तर व्हिएतनामीत ती नेमकी सेकंदाला १७ वर होती. तक्ता लाल झाला. या वेळी त्याचं मोजणं बरोबर होतं.

"काका, राहू द्या ना," दिग्दर्शक म्हणाला. "तीन फ्रेमच तर कमी आहेत."

मी नाव पुसलं. तसंही ते लांबलचक आहे, आणि चिनीत ते कुठे मोडायचं हे विचारायचं राहूनच गेलं होतं.